घरच्या संगणकासाठी यूपीएस निवडताना: वॅट, मिनिटे आणि दुरुस्तीची सोय

दुकानात जाऊन “संगणकासाठी यूपीएस द्या” असे म्हटले की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, “600 चा देऊ की 1100 चा?” हे आकडे व्होल्ट-अँपिअरचे, म्हणजे व्हीएचे असतात. ते ऐकून ग्राहक किमतीकडे पाहतो आणि दोहोंपैकी एक उचलतो. मात्र आपला संगणक चालेल की नाही, चालला तर किती वेळ चालेल आणि दोन वर्षांनी बॅटरी बसल्यावर पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही पूर्ण उत्तर त्या आकड्यातून मिळत नाही. ही उत्तरे घरबसल्या कशी काढायची, ते मी सोलापुरात माझ्या पुतण्याच्या घरी केलेल्या निवडीच्या आधारे सांगतो.

त्याच्याकडे सहा कोअरचा प्रोसेसर असलेला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप, 24 इंची मॉनिटर आणि फायबर इंटरनेटचा राउटर होता. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर, 450 वॅट असे छापलेले होते. ते पाहून दुकानदाराने त्याला सांगितले की 600 व्हीएचा यूपीएस 450 वॅटला पुरणार नाही, निदान 1100 चा तरी घ्यावा लागेल.

पहिली पायरी: संगणक खरोखर किती वीज घेतो ते मोजणे

दुकानदाराची चूक इथेच झाली. एसएमपीएसवरचा आकडा तो डबा जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो हे सांगतो. संगणक प्रत्यक्षात किती घेतो, याचा त्या आकड्याशी थेट संबंध नसतो. म्हणून सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावता येणारे छोटे वॅटमीटर वापरावे. ते विजेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन थोड्या पैशांत मिळते. संगणक, मॉनिटर आणि राउटर ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहेत तो बोर्ड या मीटरमधून जोडावा आणि आपले सर्वांत जड काम चालू करून दहा-पंधरा मिनिटे आकड्याकडे लक्ष ठेवावे.

पुतण्याच्या संगणकावर लेखन आणि इंटरनेटचे रोजचे काम चालू असताना मॉनिटर व राउटर धरून मीटरवर सुमारे 100 वॅट दिसत होते. व्हिडिओ संपादन करून अंतिम फाइल तयार होत असताना हा आकडा 156 पर्यंत चढला आणि त्यापुढे गेला नाही. म्हणजे 450 वॅटची भीती घातलेल्या त्या संगणकाची खरी गरज तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या, खेळ खेळण्याच्या संगणकाची गोष्ट मात्र निराळी असते. तिथे 300 ते 350 वॅट सहज लागतात आणि क्षणभरासाठी त्याहूनही मोठी उडी येते. त्यामुळे अशा संगणकाचा आकडा अंदाजाने धरू नये, मोजूनच घ्यावा.

आता यूपीएसवरच्या आकड्याकडे येऊ. व्हीए हा आकडा मोठा दिसतो म्हणून तो खोक्यावर ठळक छापतात, पण आपल्याला हवे असतात वॅट. घरगुती वापराच्या बहुतेक यूपीएसमध्ये व्हीएच्या सुमारे 60 टक्के वॅट मिळतात. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो आणि 1100 व्हीएचा साधारण 660. काही स्वस्त यूपीएसच्या खोक्यावर वॅट लिहिलेलेच नसतात. ते मागच्या पट्टीवर शोधावेत आणि तिथेही नसतील तर तो यूपीएस घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजलेल्या कमाल आकड्यावर चौथाई भर घालून येणारी संख्या यूपीएसच्या वॅटपेक्षा कमी असावी. पुतण्यासाठी 156 ला चौथाई भर घातल्यावर 195 वॅट आले, म्हणजे क्षमतेच्या बाजूने 360 वॅटचा यूपीएस त्याला पुरेसा होता.

या मोजणीत लेझर प्रिंटर कधीही धरू नये आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला जोडूही नये. त्यातला कागदावर शाई पक्की करणारा रूळ तापताना एकदम मोठी वीज ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकासकट सगळे बंद पडते.

दुसरी पायरी: मिनिटांचा हिशेब

“अर्ध्या तासाचा बॅकअप” असे खोक्यावर लिहिलेले असते, पण तो किती वॅटवर, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. म्हणून बॅटरीवरून हिशेब करावा. घरगुती 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एक सीलबंद बॅटरी असते. 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॅट-तास. म्हणजे 84 वॅटचा संगणक तासभर चालावा, असे वाटते. तसे घडत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण बॅटरीच्या स्वभावात आहे. 7 अँपिअर-तास हे माप ती बॅटरी 20 तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारे असते. हीच बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत ओढून काढली तर तिच्यातली जेमतेम अर्धी वीज हाती लागते. दुसरे कारण असे की बॅटरीच्या 12 व्होल्टचे 230 व्होल्ट करताना यूपीएस स्वतः वीज खातो. संगणकाला 100 वॅट हवे असतील तर बॅटरीतून सुमारे 120 वॅट निघतात. चांगल्या प्रतीची नवी 7 अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे 165 वॅट पंधरा मिनिटे आणि सुमारे 95 वॅट अर्धा तास देऊ शकते. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकीचा अंदाज बांधता येतो.

पुतण्याच्या संगणकाला रोजच्या कामाचे 100 वॅट लागताना बॅटरीवर 120 चा भार पडतो, म्हणजे नव्या बॅटरीवर वीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळेल. व्हिडिओचे काम चालू असताना 156 वॅटसाठी बॅटरीतून 190 निघतील आणि वेळ दहा ते बारा मिनिटांवर येईल. दोन वर्षे वापरलेल्या बॅटरीवर हे आकडे निम्मे धरावेत. म्हणून ठरवायचे असते ते नव्या बॅटरीच्या मिनिटांवरून नव्हे, तर जुन्या बॅटरीच्या मिनिटांवरून. दोन वर्षांनी पाच-सहा मिनिटांत काम जतन करून संगणक नीट बंद करता येणार असेल तर ही निवड योग्य आहे.

अधिक मिनिटे हवी असतील तर अधिक व्हीए घेऊन ती मिळतातच असे नाही. अधिक बॅटरी घ्यावी लागते. काही कंपन्या मोठ्या व्हीएच्या यूपीएसमध्येही तशीच एक लहान बॅटरी बसवतात, आणि मग जादा पैसे मोजूनही वेळ तेवढाच मिळतो. त्याउलट ज्यात 7 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत त्यात प्रत्येकीवर निम्मा भार येतो आणि हळू रिकामी होणारी बॅटरी अधिक वीज देत असल्याने वेळ दुपटीहून जास्त होतो. पुतण्याच्या 156 वॅटवर अशा यूपीएसने अर्ध्या तासाच्या जवळपास साथ दिली असती. दुकानदाराला “आत बॅटरी कोणती आणि किती?” एवढे विचारले की हा उलगडा होतो.

तरीही किती मिनिटे हवीत हे आपल्याकडची वीज कशी जाते यावर ठरते. पुतण्याला मी महिनाभर वहीत नोंद ठेवायला सांगितले. महिन्याअखेर दिसले की बहुतेक वेळा वीज दोन ते पाच सेकंदांसाठी जात होती आणि चार वेळा ती तासाहून अधिक काळ गेली होती. सेकंदांच्या झटक्यांना सर्वांत लहान यूपीएस पुरतो आणि तासाभराच्या खंडाला घरगुती यूपीएस दोन बॅटऱ्यांचा असला तरी पुरत नाही. मधल्या, दहा ते तीस मिनिटांच्या खंडासाठीच मोठ्या यूपीएसला अर्थ आहे, आणि तसे खंड त्याच्या वहीत जवळपास नव्हतेच.

तासाभराच्या खंडासाठी त्याच्या घरात पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर आधीपासून होता, 150 अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीसह. मग प्रश्न उरला तो एवढाच की वीज गेल्यापासून इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा क्षण संगणकाने कसा काढायचा.

इन्व्हर्टर, यूपीएस आणि एसएमपीएस यांचे जमते का

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चांगला यूपीएसही बदनाम होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

घरगुती यूपीएस वीज असताना ती संगणकाला तशीच देतो आणि वीज गेल्यावर रिले बदलून बॅटरीवर येतो. या बदलाला साधारण 6 ते 10 मिलिसेकंद लागतात. संगणकाचा एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर पूर्ण भाराला सुमारे 16 मिलिसेकंद तग धरू शकेल असा बनवलेला असावा, ही अपेक्षा असते. ही दोन माने शेजारी ठेवली की यूपीएसचे गणित कळते. एसएमपीएस निकृष्ट किंवा म्हातारा असेल तर हा साठा आटतो, यूपीएस वेळेवर बदलला तरी संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि दोष मात्र यूपीएसला दिला जातो. हलके काम चालू असताना संगणक टिकतो आणि जड कामात पडतो असे दिसले, तर आधी एसएमपीएसची शंका घ्यावी.

दुसरी अडचण लहरीच्या आकाराची आहे. बहुतेक घरगुती यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत साइन लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. साध्या एसएमपीएसला त्याने काही होत नाही. ज्यात ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ आहे, म्हणजे ज्यांच्यावर 80 प्लस असे चिन्ह असते ते बहुतेक, त्यांतले काही मात्र अशा लहरीवर अडखळतात. सर्वच अडखळतात असे नाही, म्हणून केवळ भीतीपोटी दुप्पट किमतीचा साइन वेव्ह यूपीएस घेण्यापेक्षा दुकानदाराकडून परत करण्याची मुदत ठरवून घेऊन घरी चाचणी करावी. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा महाग संगणक असेल तर मात्र मी सरळ साइन वेव्हच घ्यायला सांगेन.

तिसरी अडचण इन्व्हर्टरकडून येते. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्याच्याकडून येणारी वीज यूपीएसला वीजच वाटत नाही. घरात पंखे चालू असतात, दिवे लागलेले असतात आणि यूपीएस मात्र पीं-पीं करत स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो आणि वीस मिनिटांनी बंद पडतो. पुतण्याच्या घरी नेमके हेच होईल अशी मला धास्ती होती, पण त्याचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा निघाला. अशा इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला एक खटका असतो, त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. तो यूपीएसकडे ठेवला की इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर लवकर चालू होतो आणि व्होल्टेजही अरुंद मर्यादेत राखतो. या स्थितीत काही संगणक वेगळ्या यूपीएसशिवायही टिकतात, मात्र इन्व्हर्टरमध्ये बिघाड झाल्यास किंवा त्याची बॅटरी उतरल्यास हाताशी काही उरत नाही.

व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात ‘एव्हीआर’ असलेला, म्हणजे लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस घ्यावा. तो साधारण 140 ते 300 व्होल्टपर्यंतची वीज बॅटरीला हात न लावता सावरून देतो. संध्याकाळी अधूनमधून आतून ‘टक’ असा आवाज येतो तो याच कामाचा असतो. त्याच्या आधी वेगळा स्टॅबिलायझर लावण्याची गरज नाही.

आणि अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही किंवा ते तुटलेले आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी ती वीज कोणताही यूपीएस थांबवू शकत नाही. आधी वायरमन बोलवावा, यूपीएस नंतर घ्यावा.

ब्रँड निवडायचा म्हणजे काय पाहायचे

एपीसी ही कंपनी श्नायडर इलेक्ट्रिकची आहे, न्यूमेरिक लेग्रँड समूहाची. याशिवाय ल्युमिनस, मायक्रोटेक, व्ही-गार्ड, झेब्रॉनिक्स अशी नावे आपल्या बाजारात दिसतात. यांपैकी कोणता श्रेष्ठ याचे एकच उत्तर नाही, कारण पुण्यात उत्तम सेवा देणारी कंपनी आपल्या तालुक्यात कोणालाच ओळखत नसू शकते. लहान यूपीएसच्या मालाच्या प्रतीतला फरक मला सेवेतल्या फरकापेक्षा कमी महत्त्वाचा वाटतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी घेतलेल्या यूपीएसची बॅटरी चौदाव्या महिन्यात बसली. खोक्यावर ‘दोन वर्षांची हमी’ असे होते, पण कार्डावर बॅटरीला एकच वर्ष असल्याचे नंतर वाचले. यूपीएस उघडता येण्याजोगा नव्हता आणि उघडला तर यंत्राचीही हमी जाणार होती. सर्वांत जवळचे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होते आणि चार-पाच किलोचे ते ओझे नेण्या-आणण्याचा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीला जाऊन भिडला.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी चार गोष्टी विचारतो. बॅटरीची हमी यंत्राएवढीच आहे का? तक्रार केल्यावर माणूस घरी येतो की यूपीएस केंद्रात न्यावा लागतो, आणि आपल्या पिन कोडसाठी ते केंद्र कोणत्या गावात आहे? बॅटरी बाजारात कुठेही मिळणारी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची आहे का? ती ग्राहकाला झाकण उघडून बदलता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या तोंडून न घेता खरेदीच्या आधीच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून घ्यावे. तो फोन किती वेळाने उचलला जातो, यातूनही पुष्कळ कळते.

यूपीएसच्या पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, IS 16242 हा मानक क्रमांक आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. घरगुती वापराच्या यूपीएसला ही नोंदणी सक्तीची आहे. उत्पादनाचा महिनाही तिथेच असतो. सीलबंद बॅटरी दुकानाच्या फळीवर चार्जविना पडून राहिली तरी आतून खराब होत जाते, म्हणून सहा महिन्यांहून जुना माल मी घेत नाही. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमी असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पुतण्याने शेवटी 600 व्हीए, 360 वॅटचा, एव्हीआर असलेला यूपीएस घेतला. त्याची बॅटरी बाहेरून बदलता येत होती आणि कंपनीचे केंद्र सोलापुरातच होते. राउटरला मात्र आम्ही त्यातून काढले आणि त्यासाठी 12 व्होल्टचा वेगळा छोटा मिनी यूपीएस घेतला. आठ-दहा वॅटच्या राउटरसाठी मोठा यूपीएस तासन्तास चालू ठेवला तर त्याची बरीचशी बॅटरी स्वतःला जागे ठेवण्यातच संपते.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी यूपीएस काही न जोडता आठ तास चार्ज होऊ द्यावा. मग संगणकाऐवजी 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब जोडावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये, कारण त्यामुळे अर्थिंगही सुटते. बटणाने ते जोडलेलेच राहते. बल्ब विझेपर्यंतची मिनिटे मोजून ती तारखेसह यूपीएसवर चिकटवावीत. पुतण्याकडे 19 मिनिटे आली. हीच चाचणी दर तीन महिन्यांनी करावी आणि मिनिटे पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी, कारण तिथून पुढची घसरण फार वेगाने होते.

त्यानंतर खऱ्या संगणकावर, जड काम चालू ठेवून पण महत्त्वाची कोणतीही फाइल उघडी न ठेवता, बटण पाच-सहा वेळा बंद-चालू करावे. एसएमपीएस आणि लहरीचे जमत नसेल तर ते इथेच उघडे पडते, आणि परत करण्याची मुदत शिल्लक असताना पडते. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर तो संगणकाला जोडावा. अनेक यूपीएस असे जोडले की विंडोज त्यांना लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखते आणि Power Options मध्ये Critical battery action या ठिकाणी Hibernate निवडून ठेवले की घरात कोणी नसतानाही काम जतन होऊन संगणक बंद होतो.

यूपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यात किंवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये. या बॅटऱ्यांचे आयुष्य 25 अंश तापमानावर मोजलेले असते आणि त्याहून दर आठ-दहा अंश वाढीला ते साधारण निम्मे होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात बसण्याचे कारण बहुधा हेच असते, कंपनीची खोट नव्हे.

बॅटरी बदलताना व्होल्ट आणि अँपिअर-तासांबरोबर जुन्या बॅटरीच्या पत्तीची रुंदीही पाहावी. ती 4.75 किंवा 6.35 मिलिमीटर असते, आणि अरुंद पत्तीवर रुंद क्लिप ढिली बसली की भाराखाली ती तापते. लाल वायर अधिक चिन्हाकडे जोडावी. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, तिच्यात शिसे आणि आम्ल असते; नवी देणारा दुकानदार ती परत घेतो आणि बहुधा तिच्या शिशाचे पैसेही बिलातून वजा करतो, ते आठवणीने मागून घ्यावेत.